क्यूआर पाठवून पैसे घेताना : रक्कम, ऑर्डर नंबर आणि स्क्रीनशॉट

रानजाई

घरगुती मसाल्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेते. दिवसाला तीसेक होतात. आत्तापर्यंत बँकेच्या अ‍ॅपमधला एकच क्यूआर सगळ्यांना पाठवत होते, "पैसे भरून स्क्रीनशॉट टाका" एवढंच लिहून. आता तीन गोष्टी जमेनाशा झाल्यात. कुणी १२४० ऐवजी १२०४ टाकतं. एकाच रकमेच्या चार ऑर्डरी असल्या की कुणाचे पैसे आले ते कळत नाही, कारण ऑर्डर सुनेची आणि खातं सासऱ्यांचं असतं. आणि स्क्रीनशॉट एवढे साठतात की संध्याकाळी जुळवायला दीड तास जातो.

प्रत्येक ऑर्डरसाठी रक्कम आणि ऑर्डर नंबर आत घातलेला वेगळा क्यूआर करता येतो असं वाचलं. खातं साधं बचत आहे, व्यापारी खातं नाही. कसं करायचं आणि त्यात काय बिनसतं, हे जाणकारांनी नीट सांगावं.

पितळी_डबा

ताई, छापील स्टिकर आणि बोलणारा डबा घ्या. पैसे आले की आवाज येतो, स्क्रीनशॉटची भानगडच नाही. महिन्याला थोडं भाडं पडतं.

रानजाई

पितळी_डबा, काउंटर नाहीये. गिऱ्हाईक त्याच्या घरी, मी माझ्या घरी. डबा "एक हजार दोनशे चाळीस रुपये प्राप्त" म्हणाला तरी कोणाचे ते सांगणार नाही.

कोरी_वही

सोपं आहे. यूपीआयच्या क्यूआरमध्ये एक साधी ओळ असते. तीच ओळ तुम्ही लिहायची आणि कुठल्याही क्यूआर बनवणाऱ्या साधनात टाकायची:

```
upi://pay?pa=masale.orders@bank&pn=Masale&am=1240.00&cu=INR&tr=D118
```

`pa` म्हणजे तुमचा यूपीआय आयडी, `am` म्हणजे रक्कम, `tr` म्हणजे ऑर्डर नंबर. `tr` भरला की काम झालं, पैसे त्याच नंबरासकट जमा होतात. स्क्रीनशॉट मागायचीही गरज नाही.

जमाखर्च

कोरी_वही, ओळ बरोबर आहे. `am` दिला की समोरच्याच्या अ‍ॅपमध्ये रक्कम आधीच भरलेली येते आणि सहसा ती बदलता येत नाही, म्हणजे १२०४ चा घोळ तिथेच मिटतो. पण `tr` बद्दल तुम्ही म्हणता तसं बचत खात्यावर होत नाही. तो नंबर व्यापाऱ्याच्या यंत्रणेसाठी आहे. पैसे आल्यावर त्या यंत्रणेला "D118 चे पैसे आले" असा निरोप जातो. बचत खात्याच्या मागे अशी यंत्रणाच नसते, त्यामुळे पासबुकात किंवा एसएमएसमध्ये तो नंबर सहसा उमटत नाही. शिवाय वैयक्तिक आयडीला `tr` किंवा `mc`, म्हणजे व्यापाराच्या प्रकाराचा कोड, जोडला की काही अ‍ॅप व्यवहार संशयास्पद धरून नाकारतात. म्हणून बचत खात्यासाठी ते दोन्ही काढून टाका आणि ऑर्डर नंबर `tn` मध्ये, म्हणजे शेऱ्यात घाला:

```
upi://pay?pa=masale.orders@bank&pn=Masale&am=1240.00&cu=INR&tn=D118
```

शेरा बहुतेक बँकांच्या खातेउताऱ्यात शेवटी येतो, पण कापला जातो. "दिवाळी फराळ ऑर्डर ११८" असं लिहिलं तर उताऱ्यात "दिवा" एवढंच उरेल, किंवा देवनागरी असल्यामुळे तेही नाही. चार-पाच इंग्रजी अक्षरं-आकडे, मध्ये जागा नाही, एवढ्यावर थांबा. आणि शेऱ्यावर विसंबू नका. काही अ‍ॅपमध्ये देणारा तो खोडू शकतो, आणि जमा झाल्याच्या एसएमएसमध्ये तो बहुधा नसतो.

रक्कम लिहिताना दोन काळज्या घ्या. स्वल्पविराम नको, `1,240` लिहिलं की रक्कम एक तर रिकामी येते किंवा क्यूआरच अवैध म्हणून नाकारला जातो. आणि आकडे इंग्रजीच. मराठी कीबोर्डवरून १२४० टाइप झालं तर डोळ्यांना बरोबर दिसतं, अ‍ॅपला मात्र ती रक्कम वाटत नाही.

रानजाई

मग ऑर्डर ओळखायची कशावरून? शेरा येईल न येईल, नाव सासऱ्यांचं.

जमाखर्च

रकमेवरूनच. पैसे कुठल्याही बँकेतून आले, कुणाच्याही खात्यातून आले, तरी एक गोष्ट वाटेत बदलत नाही, ती म्हणजे रक्कम, पैशांपर्यंत. म्हणून ऑर्डर नंबरचे शेवटचे दोन आकडे पैशांच्या जागी बसवायचे.

ऑर्डर ११८, रक्कम १२४०. एक रुपया कमी करा, १२३९. त्यात १८ पैसे घाला, १२३९.१८. गिऱ्हाइकाला ८२ पैसे सूट मिळाली, बिलावर तसं लिहा. ऑर्डर १२१ सुद्धा १२४० चीच असेल तर तिची रक्कम १२३९.२१ होईल. आता एसएमएसमध्ये १२३९.२१ दिसलं की ते सासऱ्यांच्या नावाने आलेले का असेनात, ऑर्डर १२१ चेच आहेत. पैसे वाढवू नका, कमीच करा. जास्तीचे २१ पैसे का, हा प्रश्न तीस गिऱ्हाइकांपैकी पाच जण विचारतील. सूट का दिली हे कुणी विचारत नाही.

ऑर्डर २०० असेल तर पैसे ००, म्हणजे १२३९.००, पूर्ण रुपया सूट. नंबर शंभरानंतर पुन्हा फिरतात, म्हणजे ११८ आणि २१८ ची रक्कम जुळू शकते. तुमच्या तीस ऑर्डरींच्या हिशेबाने त्यात तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडतं. तोवर ११८ मोकळी झालेली असली की झालं.

शीटमध्ये `A` मध्ये नुसता ऑर्डर नंबर, `C` मध्ये मूळ रक्कम ठेवा. `D2` मध्ये:

```
=C2-1+MOD(A2,100)/100
```

आणि `E2` मध्ये:

```
="upi://pay?pa=masale.orders@bank&pn=Masale&am="&TEXT(D2,"0.00")&"&cu=INR&tn=D"&A2
```

`TEXT(D2,"0.00")` गाळू नका. ते नसलं तर १२३९.२० चं १२३९.२ होतं, आणि एखाद्या वेळी आकडेमोडीतली लांबलचक शेपटी लागून येते.

सुतळी

क्यूआर बनवणारी `qrencode` ही आज्ञा वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ओळ अवतरणचिन्हांत घातली नाही तर `&` पाशी आज्ञा तुटते. क्यूआर बनतो, स्कॅनही होतो, नाव-आयडी बरोबर येतात, पण रक्कम रिकामी. कारण आत फक्त `upi://pay?pa=masale.orders@bank` एवढंच गेलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं अ‍ॅपमध्ये दोष आहे. असं हवं:

```
qrencode -m 4 -s 10 -o D118.png "upi://pay?pa=masale.orders@bank&pn=Masale&am=1239.18&cu=INR&tn=D118"
```

`-m 4` म्हणजे चारी बाजूंनी चार चौकटींची पांढरी किनार. ती किनार क्यूआरचाच भाग आहे, शोभा नाही. कडेपर्यंत कापलेला क्यूआर व्हॉट्सअ‍ॅपच्या गडद पार्श्वभूमीवर ठेवला की कॅमेऱ्याला त्याची कड सापडत नाही.

आणि पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रं टाळा. तुमच्या पांढऱ्या स्क्रीनवर झकास दिसतात. समोरच्याने डार्क मोड लावलेला असला की काळ्यावर काळं.

ऑर्डर नंबर आणि रक्कम चित्रावरही छापा, पण किनारीच्या बाहेर, खाली. मधोमध लोगो डकवायचा मोह आवरा.

निळी_शाई

माझ्याकडेही हेच चालू आहे, पण मोठ्या रकमा अडकतात. क्यूआर ३४५० चा पाठवला की गिऱ्हाईक म्हणतं "लिमिट संपली." त्यांच्या खात्याची दिवसाची मर्यादा तर लाखाची असते ना?

जमाखर्च

ती दिवसाची मर्यादा नव्हे. क्यूआर ज्या फोनवर आला त्याच फोनवरून पैसे भरायचे असतात, म्हणून गिऱ्हाईक तो गॅलरीतून उचलतं किंवा चित्र थेट पेमेंट अ‍ॅपला शेअर करतं. अशा उचललेल्या क्यूआरवर, विशेषतः वैयक्तिक खात्याच्या, २००० रुपयांची मर्यादा आहे. कुठूनतरी आलेलं चित्र दाखवून फसवण्याचे प्रकार वाढले म्हणून ती घातली गेली. तोच क्यूआर दुसऱ्या स्क्रीनवर उघडून कॅमेऱ्याने स्कॅन केला की रक्कम जाते, कारण मग नेहमीची मर्यादा लागते.

म्हणून २००० च्या वरच्या ऑर्डरीला क्यूआर पाठवला तरी सोबत यूपीआय आयडी द्यायचाच. आणि तो वेगळ्या संदेशात, एकटा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोट दाबून धरलं की अख्खा संदेश कॉपी होतो. आयडी चार ओळींच्या मध्ये असेल तर गिऱ्हाईक चारही ओळी आयडीच्या रकान्यात चिकटवतं आणि "अवैध" येतं. `upi://` ची ओळ तशीच पाठवायच्या फंदात पडू नका, व्हॉट्सअ‍ॅप तिची लिंक करत नाही, नुसता मजकूर दिसतो.

कोरी_वही

२००० च्या वर असेल तर दोन क्यूआर करायचे, २००० चा एक आणि १४५० चा एक. आम्ही तसंच सुचवतो.

जमाखर्च

जाईल, पण मग एका ऑर्डरीचे दोन व्यवहार, दोन स्क्रीनशॉट, आणि दुसरा संध्याकाळी. पहिला २००० चा तर पुन्हा सगळ्यांचा सारखाच, ओळखायची खूणच गेली. त्यापेक्षा आयडी टाकून एकरकमी बरं. तिथे रक्कम हाताने टाकावी लागते, त्यामुळे १२३९.१८ ऐवजी कुणी १२४० टाकेल. अशा मोजक्यांसाठीच स्क्रीनशॉटचा खरा उपयोग.

रानजाई

आयडी टाकल्यावर गिऱ्हाइकांना माझं माहेरचं नाव दिसतं, खातं जुनं आहे. दोघींनी "हे कोण?" म्हणून थांबवलं पेमेंट. `pn` मध्ये मसाल्यांचं नाव घातलं तरी तेच.

सुतळी

बरोबरच केलं त्यांनी. जून २०२५ अखेरपासून पैसे देणाऱ्याला पिन टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम आहे. `pn` मध्ये काहीही लिहा, तिथे खात्याचं नाव येणार. तेव्हा संदेशातच आधी सांगून टाका, "नाव अमुक असं दिसेल, तेच बघून पिन टाका." त्यात तुमचाही फायदा. कुणी तुमच्या नावाने दुसराच क्यूआर फिरवला तर गिऱ्हाइकाला तिथेच कळेल.

जमाखर्च

तर संदेश असा काहीसा होईल. क्यूआरच्या चित्राखाली हे:

```
ऑर्डर D118 | रक्कम ₹1239.18 (82 पैसे सूट)
पैसे देताना नाव "..." असे दिसेल. तेच असेल तरच पिन टाका.
रक्कम पैशांसकट तशीच ठेवा, त्यावरून ऑर्डर ओळखतो.
झाल्यावर व्यवहाराच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट पाठवा, 12 आकडी नंबर दिसेल असा.
हा क्यूआर फक्त D118 साठी, एकदाच.
```

आणि त्याखाली दुसरा संदेश, फक्त आयडी.

शेवटची ओळ लिहिली याला कारण आहे. आपण बनवलेला क्यूआर कधी संपत नाही. पेमेंट गेटवेचा क्यूआर एकदा पैसे आले की बंद करता येतो, हा नुसतं चित्र आहे. महिन्याभराने तेच गिऱ्हाईक वर सरकून जुना क्यूआर शोधून काढतं आणि जुन्या भावाने पैसे भरतं. १२३९.१८ पुन्हा आले आणि १८ ने संपणारी कुठलीच ऑर्डर बाकी नसेल, तर समजायचं की जुनं चित्र वापरलंय.

पितळी_डबा

स्क्रीनशॉट खोटे बनवणारी अ‍ॅप आहेत हो. हुबेहूब हिरवी खूण येते. अक्षराचा आकार बघून ओळखता येतं का?

जमाखर्च

अक्षरं, रंग, खुणा यावरून ओळखायच्या नादी लागू नका. अ‍ॅप दर दोन महिन्यांनी रूप बदलतात, खरा स्क्रीनशॉटही नवखा वाटतो. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हेच. खात्यात काय शोधायचं याची ती चिठ्ठी आहे. पुरावा फक्त आपल्या खात्यातली नोंद.

त्यातून एकच गोष्ट घ्यायची, १२ आकडी नंबर. फोनपेत तो `UTR` म्हणून येतो, गूगल पेमध्ये `UPI transaction ID`, पेटीएममध्ये `UPI Ref No`. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोन्ही बँकांत हा एकच नंबर असतो. त्याच पानावर अ‍ॅपचा स्वतःचाही एक नंबर असतो, अक्षरं मिसळलेला किंवा T ने सुरू होणारा. तो तुमच्या उताऱ्यात कधीच सापडणार नाही, आणि लोक नेमका तोच पाठवतात. बारा आकडे, एकही अक्षर नाही, हे मनाशी धरा.

मग खात्याच्या अ‍ॅपमध्ये जमा नोंदी उघडायच्या आणि शेवटचे पाच आकडे, रक्कम, तारीख ताडून बघायची. नोंद सापडली नाही तर पैसे आलेले नाहीत, स्क्रीनशॉट कितीही खरा वाटो. खऱ्या पण जुन्या स्क्रीनशॉटचाही बंदोबस्त यात होतो. तो नंबर आधीच्या ऑर्डरीपुढे लिहिलेला असतो, पुन्हा लिहायला गेलं की कळतं. म्हणून शीटमध्ये `F` रकाना या नंबराचा ठेवा आणि तो मजकूर म्हणून साठवा. संख्या म्हणून ठेवला की एक्सेल कधी कधी त्याचं `5.18E+11` करून टाकतं.

निळी_शाई

त्या नंबरात तारीख असते ना? पहिला आकडा वर्षाचा, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते. मी तेवढं बघून पुढे जाते, खातं उघडत नाही.

सुतळी

बऱ्याच नंबरांत ती मांडणी असते खरी. ४०९८ ने सुरू होणारा म्हणजे २०२४ चा ९८ वा दिवस, ७ एप्रिल. पण ती खूण आहे, हमी नाही. सगळेच नंबर तसे नसतात, आणि ज्याला खोटा स्क्रीनशॉट बनवायचा आहे त्याला आजचा दिवस लिहायला किती वेळ लागतो? खातं न उघडता माल पाठवू नका.

निळी_शाई

दिवसाला चाळीस वेळा खातं उघडायचं?

सुतळी

चाळीस वेळा नाही. दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला, दोनदा. गिऱ्हाइकांना आधीच सांगा, "पैसे मिळाल्याचं दोन आणि सहाला कळवतो." तोपर्यंत स्क्रीनशॉटला अंगठा दाखवायचा नाही. अंगठा दिला की समोरच्याच्या दृष्टीने पावती मिळाली.

पितळी_डबा

एसएमएस बघून चालणार नाही का? खातं उघडण्यापेक्षा ते सोपं.

सुतळी

एसएमएस कधी तासाभराने येतो, कधी येतच नाही. छोट्या रकमांचे एसएमएस काही बँका पाठवत नाहीत. आणि "तुमच्या खात्यात १२४० जमा" असा संदेश कुणीही आपल्या मोबाइलवरून टाइप करून पाठवू शकतो. दहा आकडी नंबरावरून आला असेल तर तो बँकेचा नव्हे. बँकेचाच आला तरी तो नुसता इशारा समजा, खात्री अ‍ॅपमधल्या नोंदीवरूनच करा.

रानजाई

पेंडिंगचं काय करायचं? आज एकीने स्क्रीनशॉट पाठवला, रक्कम १२३९.४४ बरोबर, नंबरही आहे, पण वर पिवळं घड्याळ. त्यांच्या खात्यातून गेले म्हणतात, माझ्याकडे नाहीत. त्या पुन्हा भरायला तयार आहेत.

जमाखर्च

पुन्हा भरू देऊ नका, निदान आज तरी. घड्याळ म्हणजे दोन बँकांचं एकमेकींशी बोलणं पूर्ण झालेलं नाही. ते यशस्वी होऊ शकतं किंवा परत जाऊ शकतं. त्यांनी आत्ता दुसऱ्यांदा भरलं आणि रात्री पहिलंही जमा झालं, तर एका ऑर्डरीचे दोन व्यवहार, आणि परतफेड तुमच्या गळ्यात.

रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. व्यक्तीच्या खात्याला पाठवलेले पैसे देणाऱ्याकडून वजा झाले पण पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांसाठी हीच मुदत पाच दिवसांची आहे. तुमचं बचत खातं, म्हणून उद्यापर्यंत थांबायचं. तक्रार त्यांनी त्यांच्या अ‍ॅपमधून, त्याच व्यवहारावर करायची. पैसे तुमच्यापर्यंत आलेलेच नाहीत, त्यामुळे तुमची बँक यात फारसं काही करू शकत नाही.

घाईचा माल असेल तर पाठवायचा की नाही, हे तुमचं आणि त्यांचं नातं. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर मी पाठवेन. पहिल्यांदाच आलेलं असेल तर उद्या.

कोरी_वही

त्यापेक्षा आपणच त्यांना पैसे मागणीची रिक्वेस्ट पाठवावी. रक्कम आपण भरायची, त्यांनी नुसता पिन टाकायचा. क्यूआर नको, गॅलरी नको.

सुतळी

ती सोय व्यक्तीकडून व्यक्तीला १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, फसवणुकीमुळेच. बचत खात्यावरून आता ते जमणार नाही.

आणि फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर उलट्या बाजूचंही सांगते. "चुकून जास्त गेले, हा माझा क्यूआर, परत पाठवा" असं म्हणणारे येतात. आधी खातं बघा, जास्तीचे आलेत का. आले असतील तर ज्या व्यवहाराने आले त्याच्यावरूनच, त्याच खात्याला परत पाठवा, दुसऱ्या कुणाच्या आयडीवर किंवा त्यांनी पाठवलेल्या क्यूआरवर नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार आहेत.

निळी_शाई

मला स्क्रीनशॉटबद्दलच शंका आहे. त्यात गिऱ्हाइकाच्या बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, कधी मोबाइल नंबर असतो. आमच्या गटात कुणीतरी ते चुकून सगळ्यांसमोर टाकलेही. नुसते १२ आकडे लिहून मागितले तर?

जमाखर्च

चालेल, मला तर तेच जास्त आवडतं. नुसते शेवटचे पाच आकडे लिहून पाठवा म्हटलं तरी जुळवायला पुरतात. अडचण एवढीच की वयस्कर मंडळींना तो नंबर सापडत नाही, आणि टाइप करताना एखादा आकडा सुटतो. चित्र पाठवणं त्यांना सोपं जातं. म्हणून मी दोन्ही पर्याय देईन: "१२ आकडी नंबर लिहा किंवा स्क्रीनशॉट मलाच एकट्याला पाठवा." जुळवून झालं की चित्रं खोडून टाका, नंबर शीटमध्ये आहेच. आणि स्क्रीनशॉट यशाच्या हिरव्या पानाचा नको, तपशिलाच्या पानाचा हवा. हिरव्या पानावर पुष्कळदा १२ आकडी नंबर नसतोच, रक्कम आणि टिकमार्क तेवढे असतात.

सुतळी

मी मात्र स्क्रीनशॉट मागणं थांबवावं या मताची आहे. पैशांची खूण असेल तर दहातल्या आठ ऑर्डरी त्याशिवायच जुळतात. उरलेल्या दोघांनाच विचारायचं. सगळ्यांकडून मागत राहिलं की आपलीच सवय बिघडते, चित्र दिसलं की माल निघतो.

जमाखर्च

याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी सहापर्यंत गप्प राहिलं तर त्याने भरले की नाही हे विचारायला आपल्यालाच जावं लागतं. स्क्रीनशॉट म्हणजे त्याच्याकडून आलेली "मी भरले" ही वर्दी. ती हवीच. ते चित्र खात्यातल्या नोंदीच्या जागी बसता कामा नये, एवढंच.

रानजाई

कालपासून बारा ऑर्डरींवर करून पाहिलं. नऊ जणांचे पैसे अगदी पैशांसकट आले, नाव न बघता जुळले. दोघांनी २००० च्या वर म्हणून आयडी टाकला, पैकी एकाने रक्कम पूर्ण रुपयांत केली. तो १२ आकडी नंबरावरून सापडला. पिवळं घड्याळवालीचे पैसे सकाळी तिच्याकडे परत गेले, आता नवीन क्यूआर मागतेय. तिला जुन्याच १२३९.४४ चा पाठवू की नवीन?

जमाखर्च

परत गेल्याची नोंद तिच्या उताऱ्यात दिसतेय ना, हे आधी विचारा. दिसत असेल तर जुनाच चालेल, ऑर्डर तीच आहे. फक्त पहिल्या प्रयत्नाचा १२ आकडी नंबर शीटमध्ये "परत" म्हणून लिहून ठेवा, नाहीतर तोच स्क्रीनशॉट उद्या पुन्हा तुमच्यापुढे येईल.

रानजाई

ठीक. आणि एकाच घरातून दोन ऑर्डरी, पैसे एकदम २४७८.३९ असे आले तर? १२३९.१८ आणि १२३९.२१ ची बेरीज जुळतेय, म्हणून ओळखता आलं. पण तीन-चार एकत्र आल्या की?

सुतळी

तीनच्या पुढे बेरजेवरून शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांना एकत्र ऑर्डर नंबर द्या, नवीन क्यूआर, नवीन पैसे. पण गिऱ्हाइकाने न सांगता एकत्र भरलं तर काय, याला माझ्याकडेही सोपं उत्तर नाही. कुणाची पद्धत असेल तर लिहा.